काउंटरवरचा राग आणि आतला कोरडेपणा

प्रश्न: मी सरकारी कार्यालयात काउंटरवर बसते. लोक दिवसभर माझ्यावर ओरडतात, आणि तेही बहुतेक वेळा माझ्या हातात नसलेल्या गोष्टींवरून. मी आवाज चढवत नाही, हसून उत्तर देते. पण घरी आल्यावर मुलांशीसुद्धा बोलावंसं वाटत नाही. गेल्या काही महिन्यांत तर समोर कोणी रडलं तरी आत काहीच हलत नाही. पूर्वी मी अशी नव्हते. हा बर्नआउट आहे का, की माझा स्वभावच बिघडला? यातून बाहेर कसं पडायचं?

उत्तर:

तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. रडणाऱ्या माणसासमोर काहीच न वाटणं हे या कामातल्या थकव्याचं ओळखीचं लक्षण आहे. मी कार्यालयीन कर्मचाऱ्यांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते आणि हे वाक्य मी बहुधा अशांकडूनच ऐकते, ज्यांनी सुरुवातीची वर्षं फार मनापासून काम केलेलं असतं. पहिल्यापासून पाट्या टाकणाऱ्या माणसाला असा प्रश्न पडत नाही.

बर्नआउट मोजण्यासाठी क्रिस्टिना मास्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981 मध्ये एक प्रश्नावली तयार केली. आजही तीच सगळ्यात जास्त वापरली जाते. तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. पहिली म्हणजे भावनिक थकवा, आता कोणाला द्यायला आपल्याजवळ काही उरलंच नाही असं वाटणं. दुसरी म्हणजे कोरडेपणा, समोरचं माणूस माणूस न वाटता एक अर्ज, एक टोकन नंबर वाटू लागणं. आणि तिसरी, आपल्या कामाचा काही उपयोग आहे हा विश्वास ओसरणं. घरी मुलांशी न बोलणं हा पहिला भाग आहे आणि रडणाऱ्या माणसासमोर न हलणं हा दुसरा. तिसऱ्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. उलट, ‘पूर्वी मी अशी नव्हते’ याचं तुम्हाला दुःख होतंय, म्हणजे काम नीट व्हावं ही ओढ अजून शाबूत आहे. माझ्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

हा कोरडेपणा येतो कशाने? थकलेल्या मनाला दर चार मिनिटांनी नव्या माणसाचं दुःख किंवा राग आत घेणं झेपत नाही, म्हणून ते दार लावून घेतं. इच्छाशक्तीने ते दार ढकलून उघडायला जाऊ नका. ‘उद्यापासून मी सगळ्यांशी प्रेमाने वागेन’ असा निश्चय मी अनेकांना करताना पाहिलं आहे. तो फार तर आठवडाभर टिकतो, आणि मोडला की थकव्यात अपराधीपणाची भर पडते. आधी थकव्याचं कारण कमी करायचं असतं. कोरडेपणा त्यानंतर, बऱ्याच उशिराने, आपोआप ओसरू लागतो.

तर थकवा नेमका कशाचा, ते पाहू. दिवसभर राग झेलला म्हणून थकायला होतं, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. तुमच्या प्रश्नात एक छोटा शब्द आहे, ‘हसून’. माझं लक्ष तिथेच थांबलं.

आत एक वाटत असताना चेहऱ्यावर दुसरं दाखवणं हे काम आहे, आणि पगारात ते धरलेलं नसलं तरी त्याला शक्ती लागते, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी 1983 मध्ये मांडलं. त्यांनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास केला होता. आज आपण ज्याला भावनिक श्रम म्हणतो ते हेच. त्याचे त्यांनी दोन प्रकार केले. एकात माणूस फक्त चेहरा आणि आवाज बदलतो, आतली भावना तशीच राहते. दुसऱ्यात तो समोरच्याची परिस्थिती समजून घेऊन आतली भावनाच थोडी बदलतो, मग चेहऱ्यावर वेगळं काही चढवावं लागत नाही. नंतरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले तेव्हा पहिल्या प्रकाराचा थकव्याशी संबंध पुन्हा पुन्हा आणि ठळकपणे दिसला. दुसऱ्या प्रकाराचा तसा दिसला नाही. म्हणजे तुम्ही शांत राहता हे तुम्हाला दमवत नाही. आत चीड असताना हसता, हे दमवतं.

चेहरा आवरला की राग कमी होतो, असा आपला समज असतो. प्रयोगांत तसं दिसत नाही. भावना चेहऱ्यावर दिसू न देणाऱ्या माणसांच्या शरीरातला ताण कमी होत नाही, काही बाबतींत तो वाढतो. शिवाय त्या वेळात समोरचा काय बोलला हे त्यांच्या लक्षातही कमी राहतं, कारण लक्षाचा एक हिस्सा स्वतःच्या चेहऱ्यावर पहारा देण्यात गुंतलेला असतो. ग्राहकाच्या आरडाओरड्यानंतर कर्मचाऱ्याची स्मरणशक्ती आणि एकाग्रता काही काळ घसरते, हेही स्वतंत्र अभ्यासांत दिसलं आहे.

काउंटरवर याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. कोणीतरी ओरडून गेला. तुम्ही हसून निभावलंत. पुढच्या माणसाचा अर्ज तपासताना जन्मतारखेचा पुरावा जोडलेला नाही हे तुमच्या नजरेतून सुटलं. अर्ज आत गेला आणि दहा दिवसांनी त्रुटी काढून परत आला. तो माणूस आता दुसऱ्यांदा आलाय, त्याची एक दिवसाची मजुरी बुडाली आहे आणि तो तुमच्यावर ओरडतोय. कालच्या रागातूनच आजचा राग तयार झाला, आणि मधली कडी कोणाच्याच लक्षात आली नाही. ‘मी हल्ली फार चुका करते’ असं तुम्हाला वाटत असेल, तर आधी त्या चुका दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या प्रसंगानंतर होतात ते पाहा.

दुकानातला विक्रेताही रागावलेली माणसं झेलतो. मग सरकारी काउंटरवर इतकं वेगळं काय आहे? इथे येणारा माणूस दुसरीकडे जाऊ शकत नाही. दाखला याच खिडकीवर मिळतो. तुम्हीही त्याला ‘जमत नाही, दुसरीकडे जा’ म्हणू शकत नाही. दोघंही एकमेकांना बांधलेले. नियम तिसऱ्याच कोणी केलेला, निर्णय चौथा कोणीतरी घेणार, पण समोर चेहरा दिसतो तो फक्त तुमचा. नागरिकाच्या लेखी सरकार म्हणजे खिडकीवर बसलेला माणूस, हे राज्यशास्त्रज्ञ मायकल लिप्स्की यांनी 1980 मध्येच मांडलं होतं. त्याच सुमारास रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये दाखवलं, की कामाचा रेटा मोठा आणि त्यावर आपला अधिकार अगदी थोडा, अशी जोडी असते तेव्हा ताण सगळ्यात जास्त होतो. तुमच्या खिडकीची रचना नेमकी तशीच आहे.

म्हणून कोणी माझ्याकडे येऊन ‘मला शांत राहायला शिकवा’ म्हणालं, की मी आधी श्वासाचे व्यायाम देत नाही. ते कामाला येतात, पण नंतर. आधी मी एक कागद देते.

असाच एक कर्मचारी माझ्याकडे आला होता. दाखल्यांचे अर्ज स्वीकारायच्या खिडकीवर त्याची बरीच वर्षं गेली होती. तक्रार तुमच्यासारखीच. सहकारी त्याला थंड डोक्याचा म्हणायचे. पण माणसाचं बोलणं संपायच्या आत तो ‘पुढचा’ म्हणू लागला होता, आणि हे त्याला कोणी सांगेपर्यंत कळलंही नव्हतं. रात्री तो अंथरुणावर पडून दिवसातले अपमान आठवत राहायचा. त्याच्या मते कारण साफ होतं, लोक शिव्या देतात, लोकांना वळण नाही.

त्याला मी दोन आठवडे खिडकीशेजारी एक कागद ठेवायला सांगितलं. कोणी चिडलं की तो माणूस गेल्यावर फक्त तीन गोष्टी लिहायच्या. कशावरून चिडला, पहिल्यांदा आला होता की परत आला होता, आणि त्याच्या त्या अडचणीवर मला काही करता येण्याजोगं होतं का. नाव नाही, वर्णन नाही, फक्त खुणा. एका नोंदीला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये, नाहीतर ती दुसऱ्या दिवशी बंद पडते.

दोन आठवड्यांनी तो कागद घेऊन बसलो तेव्हा त्याला नवल वाटलं. शिवीगाळ, धमकी, दारू पिऊन आलेला माणूस असे प्रसंग थोडेच होते. रात्री आठवायचे ते हेच, म्हणून तेच जास्त आहेत असं त्याला वाटत होतं. सर्वांत मोठा ढीग होता दुसऱ्या किंवा तिसऱ्या हेलपाट्याला आलेल्यांचा. पहिल्या फेरीत त्यांना एक त्रुटी सांगितली होती, ती पूर्ण करून आणल्यावर दुसरी निघाली. दुसरा मोठा ढीग होता आपला अर्ज कुठे अडकलाय आणि किती दिवस लागतील हे माहीत नसलेल्यांचा. सिस्टिम बंद असताना रांगेत ताटकळलेलेही त्यातच आले. या दोन्ही ढिगांसमोर ‘मला काही करता येण्याजोगं होतं का’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘नाही’ होतं.

इथे थोडं थांबते, कारण याच टप्प्यावर कर्मचारी चिडतात. ‘म्हणजे लोक बरोबर आणि आम्ही चूक?’ तसं अजिबात नाही. माणूस चिडला याला कारण आहे, एवढंच या कागदावरून कळतं. ते कारण तुम्ही आहात असं तो कागद म्हणत नाही. उलट तुमच्या अंगावर येणारा राग कुठे तयार होतो हे तो दाखवतो. त्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत तो आतल्या तपासणीच्या पद्धतीत तयार होत होता. आतला माणूस पहिली त्रुटी दिसली की तिथेच तपासणी थांबवून अर्ज परत पाठवायचा. त्याला ते वेळ वाचवणं वाटायचं. खिडकीवर मात्र त्याच्या एका वाचवलेल्या मिनिटाची किंमत एक संतापलेला माणूस होती.

मग तीन गोष्टी बदलल्या. पहिली, अर्ज परत करायचा असेल तर शेवटच्या पानापर्यंत तपासूनच करायचा आणि सगळ्या त्रुटी एकाच चिठ्ठीवर लिहून, तारीख आणि सही करून द्यायच्या. चिठ्ठीवर नसलेली त्रुटी पुढच्या फेरीत काढायची वेळ आली, तर त्या माणसाशी बोलणं वरिष्ठांकडे, खिडकीवर नाही. या शेवटच्या वाक्याला साहेबांनी बराच विरोध केला. पण चिठ्ठी अपुरी राहिल्याचा त्रास चिठ्ठी अपुरी ठेवणाऱ्या बाजूला पोचू लागला, तेव्हाच तपासणी खरोखर पूर्ण होऊ लागली. दुसरी, पोचपावतीवर ‘अमुक तारखेनंतर चौकशी करा’ अशी तारीख. ती मुद्दाम थोडी लांबची ठेवली, कारण लवकरचा वायदा करून तो मोडण्यापेक्षा लांबचा पाळलेला माणसाला कमी चिडवतो. तिसरी, सिस्टिम बंद पडली की खिडकीवरच्याने प्रत्येकाला वेगळं सांगायचं नाही. पर्यवेक्षकाने बाहेर येऊन दर अर्ध्या तासाला सगळ्या रांगेला एकदाच सांगायचं, काय माहीत आहे आणि काय नाही तेही. वाट पाहण्याची लांबी माणसं सोसतात, अनिश्चितता त्यांना जास्त जाचते.

राग संपला नाही. शिव्या देणारे दारूडे होते तेवढेच राहिले. पण हेलपाट्यांचा ढीग कमी झाला तसं दोन रागांमधलं अंतर वाढलं, आणि त्या अंतरात तो कर्मचारी पुन्हा माणसांसारखा बोलू लागला. कोरडेपणा जायला बरेच महिने लागले. झोप त्याच्या खूप आधी सुधारली. हा क्रम लक्षात ठेवा, म्हणजे पहिल्या महिन्यात कोणाबद्दल काही वाटलं नाही तरी घाबरून जाणार नाही.

त्याच्या कागदावर एक गोष्ट थोड्याच वेळा होती, पण तिच्यासमोर त्याने पेन दाबून दुहेरी खूण केली होती. तो नियमाप्रमाणे नाही म्हणायचा, माणूस आरडाओरडा करायचा, साहेब केबिनमधून बाहेर यायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचे, ‘अहो, घेऊन टाका त्यांचं.’ मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांतल्या बहुतेकांना सगळ्यात आतून मोडणारी गोष्ट हीच आहे. नागरिकाची शिवी माणूस विसरतो, हे विसरत नाही. यात त्याचा अपमान तर होतोच, पण बघणारी रांग त्यातून एक धडा घेते, की नम्रपणे विचारलं तर नाही आणि ओरडलं तर हो. दुसऱ्या दिवशी त्या रांगेतला माणूस ओरडूनच सुरुवात करतो. आणि नम्रपणे परत गेलेल्यावर अन्याय झाला, तो तुमच्याच हातून झाला, हे तुम्हाला आतल्या आत ठाऊक असतं. ‘आपल्या कामाला अर्थ नाही’ असं वाटू लागतं ते इथूनच.

सवलत द्यायचा अधिकार साहेबांना असू शकतो, तो काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्यांच्याशी एवढंच ठरवून घ्यायचं, की सवलत द्यायची तर त्या माणसाला आत बोलावून, कारण अर्जावर लिहून, स्वतःच्या सहीने द्यायची आणि खिडकीवरच्याला आधी सांगायचं. ज्या कारणाने ती दिली त्याच कारणाने दुसरा कोणी न ओरडता आला, तर त्यालाही ती मिळेल. हे बोलणं एकट्याने करू नका. काउंटरवरचे दोघं-तिघं मिळून, शांत दिवशी, कागद समोर ठेवून करा. प्रसंग घडल्याच्या दिवशी तर मुळीच नको.

आता खिडकीवर बसल्या जागी काय करायचं ते सांगते.

हसणं सोडा. हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे. संतापलेल्या माणसासमोरचं हसू त्याला बहुधा आपली टिंगल वाटते आणि तुम्हाला ते फार महाग पडतं. त्याऐवजी चेहरा साधा, आवाज नेहमीपेक्षा थोडा खालचा आणि सावकाश, आणि पहिलं वाक्य असं की जे खरं आहे आणि तुम्हाला मनापासून म्हणता येतं. ‘काका, ही तुमची तिसरी फेरी आहे. आजचा दिवस पुन्हा मोडला तुमचा.’ हे खरं आहे, म्हणून बोलताना आत-बाहेर दोन माणसं सांभाळावी लागत नाहीत. यात चुकीची कबुली नाही, माफी नाही, फक्त त्याचं काय गेलं ते तुम्हाला दिसलं आहे एवढंच आहे. त्यानंतर दुसरं वाक्य, तुम्ही काय करू शकता. ‘आता मी सगळे कागद शेवटपर्यंत बघते आणि काय काय लागेल ते एकदाच लिहून देते.’ आणि तिसरं, काय करू शकत नाही आणि ते कोणाच्या हातात आहे. ‘तारीख पुढे ढकलणं माझ्या हातात नाही, ते अमुक टेबलवर ठरतं.’ याच क्रमाने बोला. ‘नाही’ आधी आलं तर पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही.

‘शांत व्हा’ म्हणू नका, त्याने आजवर कोणी शांत झालेलं मी पाहिलं नाही. ‘नियम आहे’ एवढंच म्हणून थांबूही नका. तो नियम कशासाठी आहे हे एका वाक्यात सांगता येत असेल तर सांगा. तुम्हालाच ते माहीत नसेल तर वरिष्ठांना विचारून ठेवा. ज्या नियमाचं कारण आपल्यालाच पटलेलं नाही तो दिवसभर दुसऱ्यांना सांगत राहणं हाही मुखवटाच आहे, आणि तोही दमवतो.

वर मी भावना आतून बदलण्याच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहिलं. त्याचा वापर कसा आणि कुठवर करायचा, हे नीट समजून घ्या. हेलपाट्यांनी वैतागलेल्या माणसाच्या बाबतीत ‘याची आज मजुरी बुडाली असेल’ असं एक वाक्य मनात म्हटलं तर चीड खरोखर उतरते. पण जो तुमच्या चारित्र्यावर बोलतो, जातीवरून बोलतो, बाई म्हणून घाणेरडं बोलतो, बाहेर भेट म्हणून धमकावतो, त्याला समजून घेण्याची जबाबदारी तुमची नाही. तिथे समजूतदारपणा ताणला की माणूस स्वतःलाच दोष देऊ लागतो. अशा प्रसंगासाठी आधीच ठरलेल्या पायऱ्या हव्यात. एकदा स्पष्ट सांगायचं, ‘तुमचं काम मी करते आहे, पण ही भाषा वापरलीत तर मी थांबेन.’ पुन्हा तेच झालं तर ‘मी आता साहेबांना बोलावते’ म्हणून पेन खाली ठेवायचं आणि उठायचं. उठून गेल्याबद्दल तुम्हाला कोणी जाब विचारणार नाही, हे लेखी नसलं तरी सगळ्यांसमोर ठरलेलं असावं. ज्या कार्यालयात हे ठरलेलं असतं तिथे ते वापरावं फार कमी लागतं. पण उठायची मुभा आहे एवढं माहीत असलं, तरी खिडकीवर बसणं हलकं होतं.

प्रसंगानंतर काय? थोडा हिशेब करू. समजा एका माणसाला सरासरी 4 मिनिटं लागतात आणि तुम्ही 6 तास खिडकीवर आहात. म्हणजे 90 माणसं. त्यांतल्या 5 जणांनी तुम्हाला खरोखर हादरवलं आणि प्रत्येकानंतर तुम्ही 3 मिनिटं उठलात, तर गेली 15 मिनिटं, म्हणजे चार माणसांचा वेळ. त्या बदल्यात पुढचे अर्ज तुम्ही जाग्यावर राहून तपासता. त्यांतला एखादा त्रुटीचा हेलपाटा जरी वाचला, तरी त्या वेळाचा काही भाग वसूल झाला. वरिष्ठांना हे असंच, त्यांच्या भाषेत सांगा. या तीन मिनिटांत खुर्चीवरून उठा, खिडकीकडे पाठ करा, थोडं चाला, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावा. मोबाइल काढू नका, तिथे आणखी माणसं आणि आणखी भांडणं असतात.

कामानंतरचा भाग मुलांशी जोडलेला आहे, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो. शरीर घरी येतं, पण मन संध्याकाळभर खिडकीवरच बसून राहतं आणि तेच संवाद पुन्हा घोळवत राहतं. वाईट वागणूक मिळालेल्या दिवशी रात्री हे घोळवणं वाढतं आणि दुसऱ्या सकाळी मन आधीच खालावलेलं असतं, असं अशा कर्मचाऱ्यांच्या रोजच्या नोंदींतून दिसलं आहे. विसरायचा प्रयत्न करून ते थांबत नाही. दोन गोष्टींचा उपयोग मी स्वतः पाहिला आहे. एक, निघण्याआधी पाच मिनिटं काढून आजचं अर्धवट काय राहिलं आणि उद्या त्यातलं पहिलं काय करायचं ते कागदावर लिहायचं आणि तो कागद कार्यालयातच ठेवायचा. दुसरी, घरी पोचल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं बोलायची सक्ती स्वतःवर करायची नाही. मुलांना सरळ सांगा, ‘आई थोडा वेळ गप्प बसणार आहे, मग येते.’ आणि मग खरंच जा. न सांगता गप्प राहिलात तर मुलं त्याचा अर्थ आपल्यावरचा राग असाच लावतात. त्या वेळात ज्यात हात आणि लक्ष दोन्ही गुंततील असं काहीतरी करा. नुसतं पडून राहिलं की घोळवणं सुरू होतं.

सहकाऱ्यांशी बोलणं चांगलं, पण एक लक्षात ठेवा. तोच अपमान चार जणांना चार वेळा तसाच सांगितला की तो हलका होत नाही, ताजा होतो. ज्याला सांगाल त्याने ‘मग तू काय केलंस?’ आणि ‘पुढच्या वेळी काय करू या?’ हे विचारायला हवं. फक्त ‘लोकच असले’ म्हणणारा सोबती त्या क्षणी बरा वाटतो, पण कोरडेपणा त्याच्याच संगतीत पक्का होतो.

बर्नआउट की आणखी काही, हेही तपासायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मान्य केलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम आहे, असं तिथे म्हटलं आहे, आणि तो शब्द फक्त कामापुरताच वापरायचा आहे. म्हणून मी विचारते, सलग आठ-दहा दिवस सुट्टी घेतली तर चौथ्या-पाचव्या दिवशी थोडी तरतरी येते का? मुलांबरोबर, आवडत्या गोष्टीत थोडा तरी जीव रमतो का? उत्तर हो असेल तर मूळ बहुधा कामात आहे. पण सुट्टीतही सकाळ तितकीच जड असेल, कशातच रस उरला नसेल, भूक आणि झोप दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडली असेल, स्वतःबद्दल सतत वाईटच वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. थायरॉइडचा त्रास किंवा रक्तक्षय यांनीही असा थकवा येतो, तेव्हा साधी रक्ततपासणीही करून घ्या. आणि जगणं नको वाटत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आजच जवळच्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

राहिला प्रश्न कार्यालयाने काहीच ऐकलं नाही तर काय. सगळे बदल मिळत नाहीत, पण काहीच मिळत नाही असंही सहसा होत नाही. दोन आठवड्यांचा कागद हातात असेल तर ‘आम्ही थकलोय’ याऐवजी ‘चिडून आलेल्यांत सगळ्यात जास्त दुसऱ्या फेरीचे आहेत, त्रुटी एकदाच लिहून दिल्या तर रांगही कमी होईल’ असं म्हणता येतं. वरिष्ठ पहिल्या वाक्यावर सहानुभूती दाखवतात, दुसऱ्यावर काम करतात. तेही झालं नाही तर पाळी मागा, अर्धा दिवस खिडकी आणि अर्धा दिवस आतलं काम. आठवडाभर खिडकी आणि आठवडाभर आत, यापेक्षा रोजची अर्धी पाळी बरी, कारण थकवा त्याच दिवशी उतरायला जागा मिळते. आत असताना त्रुटी काढायचं टेबल मिळालं तर ते आवर्जून घ्या. ज्याने खिडकीवर ओरडा खाल्लेला असतो, तो अर्ज शेवटच्या पानापर्यंत तपासतो.

पाळीने मूळ कारण जात नाही, फक्त तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. तो कागद मात्र चालू ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा दोन आठवड्यांच्या खुणा करा आणि आधीच्या कागदाशेजारी ठेवून पाहा. ढीग बदललेले नसतील आणि तुमची झोपही सुधारलेली नसेल, तर टेबल किंवा विभाग बदलून मागा. अर्जाला दोन्ही कागद जोडा.